पाहुणे नऊ वाजता

मुलांनो, डोळे मिटा बरं. नको, थांबा. डोळे मिटले तर पुढचं वाचणार कसं? डोळे उघडेच ठेवा आणि मनात एक गल्ली बघा.

गल्ली अरुंद आहे. सामानाची एक गाडी आत शिरली की तिच्या दोन्ही अंगांना जेमतेम एकेक माणूस उभा राहील, तोही पोट आत ओढून. डाव्या हाताला एका मोठ्या हॉलचं मागचं दार आहे आणि उजव्या हाताला दवाखान्याचं. पुढे भिंत, म्हणजे गल्ली तिथंच संपते. आत गेलेली गाडी उलटीच बाहेर काढावी लागते. आता बघा हं, या गल्लीत एक गाडी उभी आहे, तिच्या मागे दुसरी येऊन थांबली, दुसरीच्या मागे तिसरी. पहिलीला बाहेर पडायचंय, तर वाट नाही. तिसरीला आत यायचंय, तर जागा नाही. मधलीचा ड्रायव्हर नुसता हॉर्न वाजवतोय. आणि तेवढ्यात दवाखान्यात एखादा आजारी माणूस आणला तर?

दिसली गल्ली? आता गोष्ट सांगतो.

एक मुलगी होती. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. घर म्हणजे तिघंच: भिंगरी, तिची आई आणि आईचे वडील. आजोबा शिंपी होते. दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, पण मोजपट्टी अजून गळ्यातच असायची. आंघोळीला जाताना तेवढी काढत.

आईचं काम कार्यक्रमांची व्यवस्था बघायचं. म्हणजे कार्यक्रम दुसऱ्याचा आणि धावपळ हिची. स्टेज कोण बांधणार, खुर्च्या कुठून येणार, फुलं कधी लावायची, हे सगळं ती ठरवायची. आठ वर्षं तिनं दुसऱ्यांच्या हाताखाली हे केलं होतं. आता पहिल्यांदाच एक कार्यक्रम एकटीनं अंगावर घेतला होता. गाण्याच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम, शनिवारी सकाळी अकरा वाजता, अडीचशे माणसं. हॉल कुठला? तोच, आत्ता तुम्ही मनात बघितलात तो.

त्या हॉलचे मॅनेजर कडक होते. मागे कुणाच्या तरी कार्यक्रमाला गल्ली अर्धा तास तुंबली होती आणि दवाखान्याची गाडी बाहेरच अडकून पडली होती. तेव्हापासून त्यांनी नियम केला: गल्लीत एका वेळी एकच गाडी. आईला त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, हा कार्यक्रम नीट पार पाडा, मग वर्षभराचे सगळे कार्यक्रम तुमच्याकडेच देऊ. पण गल्ली एकदा जरी तुंबली, तर पुन्हा आमचं दार वाजवू नका."

आईनं मग एका कागदावर सगळं आखलं. आधी स्टेज, कारण ते सगळ्यांत जड. मग आवाज आणि दिव्यांचं सामान, कारण त्याच्या वायरी जमिनीवरून जातात. मग खुर्च्या. वायरींच्या आधी खुर्च्या मांडल्या तर पुन्हा सगळ्या उचला! त्यानंतर खाण्याची भांडी. आणि सगळ्यांत शेवटी फुलं, नाहीतर ती कोमेजतात आणि कुणाची तरी खुर्ची लागून मोडतात. प्रत्येक गाडीला गल्लीत सामान उतरवायला जास्तीत जास्त अर्धा तास. दोन गाड्यांच्या मध्ये थोडा मोकळा वेळ. आई त्याला 'श्वास' म्हणायची. "आखणीत श्वास नसेल तर एका गाडीचं टायर पंक्चर झालं की सगळे गुदमरतात," असं ती सांगायची.

बुधवारी सकाळी हे सगळ्यांना ईमेलनं कळवायचं होतं. पण आईचे हात रिकामे नव्हते. ती आजोबांच्या जुन्या जड इस्त्रीनं टेबलांवर घालायची बारा पांढरी कापडं सारखी करत होती. तिनं फोन भिंगरीच्या हातात दिला.

"मी बोलते, तो आपोआप लिहील. तू फक्त तोंडापुढे धर. आणि हलू नकोस गं, जरा तरी!"

आई इस्त्री फिरवता फिरवता बोलू लागली. "नमस्कार. शनिवारच्या कार्यक्रमासाठी प्रत्येकाच्या वेळा पुढीलप्रमाणे. स्टेज. गाडी सात वाजता, सामान उतरवणं साडेसातपर्यंत, उभारणी सव्वाआठपर्यंत. आवाज आणि दिवे. गाडी पावणेआठला, उतरवणं सव्वाआठपर्यंत, वायरी सव्वानऊपर्यंत. खुर्च्या. गाडी पावणेनऊला, उतरवणं सव्वानऊपर्यंत, मांडणी दहापर्यंत. खाणं. गाडी साडेनऊला, उतरवणं दहापर्यंत. फुलं. गाडी सव्वादहाला, लावून साडेदहापर्यंत. गल्लीत एका वेळी एकच गाडी. कृपया पोच द्यावी."

"झालं," भिंगरी म्हणाली.

"नीट वाच आणि मग पाठव. शुद्धलेखन बघ."

भिंगरीनं वाचलं. फोननं 'खुरच्या' लिहिलं होतं, ते तिनं 'खुर्च्या' केलं. 'उभारनी'चं 'उभारणी' केलं. मग ती एका ओळीवर अडखळली. तिथं लिहिलं होतं: 'आवाज आणि दिवे. गाडी पाहुणे आठला.' आणि त्याच्या खाली: 'खुर्च्या. गाडी पाहुणे नऊला.'

पाहुणे? तिला वाटलं, असतील. कार्यक्रम म्हटला की पाहुणे असायचेच. शाळेत ती घड्याळ शिकली होती, पण सात पंचेचाळीस, आठ पंचेचाळीस असं. पावणेआठ म्हणजे काय ते तिला खरं तर नीट ठाऊकच नव्हतं. विचारावं, असं एकदा मनात आलं. पण मग वाटलं, आई म्हणेल, चौथीत गेलीस आणि एवढं येत नाही? म्हणून ती गप्प बसली.

"नीट आहे ना?" आईनं विचारलं.

"हो," भिंगरी म्हणाली, आणि तिनं ईमेल पाठवून दिला.

संध्याकाळपर्यंत पाचही जणांची पोच आली. स्टेजवाल्या काकांनी लिहिलं, ओके. आवाजवाल्यानं लिहिलं, ओके. खुर्च्यावाल्या मावशींनी नुसता अंगठा पाठवला. आईनं पाचही नावांपुढे खूण केली आणि कागद कपाटाच्या दाराला चिकटवला.

गुरुवार गेला. शुक्रवारची दुपार आली. आई हॉलवर गेली होती, मॅनेजरांबरोबर विजेची बटणं आणि मागचं दार बघायला. घरी भिंगरी आणि आजोबा.

"आजोबा, चहा कधी करायचा?"

"आत्ता किती वाजले?"

"चार वीस."

"मग पावणेपाचला ठेव."

भिंगरी म्हणाली, "कोण येणारेत?"

"कोण म्हणजे?"

"पाहुणे. पाहुणे पाचला येणारेत म्हणालात ना?"

आजोबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "अगं वेडाबाई, पाहुणे नाही, पावणे! पावणेपाच! तुला पावणे माहीत नाही?"

भिंगरीनं नकारार्थी मान हलवली.

"ये इकडे," म्हणून आजोबांनी गळ्यातली मोजपट्टी काढली. "हा एक इंच. याचे चार सारखे भाग केले तर एकेका भागाला म्हणायचं पाव. आता मला पाच इंचांची पट्टी कापायची होती, पण ती पावभर कमी पडली. पाच, पण पाव उणा. म्हणून पावणेपाच. आणि पावभर जास्त झाली तर सव्वापाच. कापडाला जे, तेच तासाला. तासाचा पाव म्हणजे पंधरा मिनिटं. आता सांग, पावणेपाच म्हणजे किती?"

"चार पंचेचाळीस," भिंगरी हळूच म्हणाली.

"शाब्बास! आणि पावणेनऊ?"

भिंगरी वळली. ती कपाटाच्या दाराकडे बघत होती. तिथल्या कागदावर आईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'खुर्च्या, पावणेनऊ.' आणि तिच्या डोळ्यांपुढे फोनमधली ओळ आली: 'खुर्च्या. गाडी पाहुणे नऊला.'

तिनं विचारलं, "आजोबा, एखाद्याला कळवलं की पाहुणे नऊ वाजता येणार, तर तो खुर्च्या कधी आणेल?"

"नऊच्या आधी, चांगल्या तासभर आधी. पाहुण्यांना उभं का ठेवायचं? का गं?"

मग भिंगरीनं सगळं सांगितलं. फोन कसा धरला, काय वाचलं, आणि विचारायचं मनात येऊनही कशी गप्प बसली.

आजोबा रागावले नाहीत. पण त्यांनी "जाऊ दे" असंही म्हटलं नाही. ते म्हणाले, "शिवण चुकली की उसवायची. लगेच उसवली तर कापडावर भोकंसुद्धा दिसत नाहीत. कपडा गिऱ्हाइकानं अंगात घातल्यावर कळलं, तर मग काय उपयोग? उद्या सकाळी सात वाजता कपडा अंगात जाणार आहे. आत्ता किती वाजलेत?"

"साडेचार."

"मग लाव फोन."

"तुम्ही सांगा ना."

"शिवण कुणाची?"

भिंगरीनं फोन लावला. आईनं उचलला तेव्हा मागून मॅनेजरांचा आवाज येत होता, "आणि हे दार रात्री नऊनंतर उघडं ठेवायचं नाही."

"आई, त्या ईमेलमध्ये ना, पावणेच्या जागी पाहुणे झालंय. मी वाचलं होतं. मला पावणे माहीत नव्हतं. आणि मी विचारलं नाही."

आईनं फोनवर हात ठेवला असावा, मॅनेजरांचा आवाज एकदम बंद झाला. भिंगरीला वाटलं फोन कट झाला.

"आई?"

"आहे मी," आई म्हणाली. मग हळू आवाजात, मॅनेजरांना ऐकू जाणार नाही अशा, "दोन्ही ठिकाणी?"

"हो. आठ आणि नऊ."

"बरं. येते घरी." आणि फोन खरंच बंद झाला.

आई आली तेव्हा सव्वापाच वाजले होते. तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली, फोनमधला तो ईमेल उघडून वाचला. "ध चा मा म्हणतात तो हाच," असं पुटपुटली. मग भिंगरीकडे बघून म्हणाली, "चूक तुझ्या एकटीची नाही. मी पाठवण्याआधी स्वतः वाचायला हवं होतं. आणि ओकेवर विश्वास ठेवला, ती माझीच चूक. पण भिंगरे, अडखळलीस की विचारायचं. मी हसेन फार तर. हसण्यानं गल्ली तुंबत नाही."

तिनं पहिला फोन आवाजवाल्याला लावला. हा तरुण मुलगा माइकवर दिवसभर एकच वाक्य बोलायचा, म्हणून सगळे त्याला हॅलोचेक म्हणत. आईनं फोनचा आवाज मोठा ठेवला.

"हॅलो, हॅलो! बोला ताई!"

"उद्या किती वाजता येतोयस?"

"सातला! तुमचे पाहुणे आठला ना? म्हटलं, पाहुणे यायच्या आत निदान एक तरी स्पीकर बोलायला पाहिजे. पण ताई, अकराच्या कार्यक्रमाला आठला कोण येतं? एवढी गोडी आहे गाण्याची?"

आईनं कपाळावर हात मारला. सातला स्टेजची गाडी गल्लीत असणार होती. "अरे, पाहुणे नाही, पावणे! सात पंचेचाळीस! सात नाही!"

"अच्छा! मग अजून पाऊण तास झोपतो. देव तुमचं भलं करो!"

भिंगरीला हसू आलं. आईलाही, थोडंसं.

दुसरा फोन खुर्च्यावाल्या मावशींना. त्यांच्या आवाजावरूनच कळायचं की त्या कुणाला तरी दटावता दटावता बोलताहेत. "ए, चार थरांवर चढवू नकोस रे! हं, बोला."

"मावशी, उद्या किती वाजता निघताय?"

"मी साडेसातला तुमच्या गल्लीत. पाहुणे नऊला म्हणालात ना? आईबाप लवकर येत असतील पोरांसाठी पुढची जागा धरायला, असं वाटलं मला."

आईनं चूक समजावून सांगितली. "तर मावशी, तुम्ही पावणेनऊला या, आठ पंचेचाळीसला."

"नाही हो जमायचं!" मावशी म्हणाल्या. "मी साडेसात धरून पुढची फेरी घेतली. नऊच्या ठोक्याला माझी गाडी शाळेच्या मैदानावर पाहिजे. तिथं शर्यती आहेत. गाडी एकच आहे माझी, तिला काय पंख लावू?"

"साडेसातला यायचं तर स्टेजची गाडी तेव्हाच बाहेर पडत असेल. आणि पावणेआठला आवाजवाला. तुमच्या उतरवणीला अर्धा तास लागतो."

"लागतोच. अडीचशे खुर्च्या आहेत, पत्ते नाहीत."

"दहा मिनिटांत फोन करते," म्हणून आईनं फोन ठेवला आणि ती खुर्चीत बसली. कागदाकडे बघत राहिली. मावशींना नकार द्यावा तर आदल्या संध्याकाळी अडीचशे खुर्च्या कोण देणार? आणि येऊ द्यावं तर दोन गाड्या समोरासमोर. भिंगरीला आईचा हा चेहरा माहीत होता. घरातलं काहीतरी हरवलं आणि सापडत नसलं की तो असा व्हायचा.

भिंगरी उठली. तिनं आजोबांची मोजपट्टी टेबलावर लांब पसरली.

"आत्ता खेळ नको," आई म्हणाली.

"खेळ नाही. आजोबा, पाव म्हणजे एक इंच धरला तर चालेल?"

"कापड मोठं असेल तर चालेल की."

भिंगरीनं पट्टीच्या सुरवातीला पेन्सिलीनं सात लिहिलं. मग दर चार इंचांवर आठ, नऊ, दहा. जुन्या वहीचा कागद कापून दोन-दोन इंचांच्या चिठ्ठ्या केल्या. दोन इंच म्हणजे अर्धा तास, एका गाडीची उतरवणी. फुलांची चिठ्ठी तेवढी एक इंचाची. स्टेजची चिठ्ठी तिनं सातपासून साडेसातपर्यंत ठेवली. मग एक इंच मोकळा. पावणेआठपासून सव्वाआठपर्यंत हॅलोचेक. साडेनऊपासून दहापर्यंत खाणं. सव्वादहाला फुलं. खुर्च्यांची चिठ्ठी हातात राहिली. ती तिनं पट्टीवर धरून हळूहळू सरकवली. साडेसातला ठेवली तर हॅलोचेकच्या अंगावर चढत होती. सरकवत सरकवत ती सव्वाआठपर्यंत आणली. सव्वाआठ ते पावणेनऊ. तिथं ती बरोब्बर बसली, एका बाजूला हॅलोचेकला चिकटून.

"आई, हे बघ. इथं पूर्वी काहीच नव्हतं."

आई वाकून बघू लागली. "तो माझा श्वास होता," ती म्हणाली. मग तिनं बोट पट्टीवर पुढे नेलं. पावणेनऊपासून साडेनऊपर्यंत आता तीन इंच मोकळे झाले होते. "अगं, श्वास गेला नाही. पुढे सरकला."

"पण वायरी?" आजोबांनी विचारलं. "सव्वानऊपर्यंत वायरी चालणार, तू म्हणाली होतीस. खुर्च्या आधी आल्या तर?"

"उतरवायच्या, पण मांडायच्या नाहीत," आई म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा झाला होता. "खिडक्यांखाली रचून ठेवायच्या. गाडी जाईल शाळेवर, मावशींची तीन माणसं मागे थांबतील आणि वायरी झाल्या की मांडतील. दहापर्यंत होतं. फक्त हॅलोचेकची गाडी सव्वाआठला हललीच पाहिजे. तिथं एक मिनिटसुद्धा शिल्लक नाही."

मावशींना फोन झाला. "सव्वाआठ ते पावणेनऊ? मग दहा मिनिटांत शाळा. हं, जमतंय. पण ताई, मिनिटही इकडे तिकडे झालं तर मी हॉर्न वाजवणार!" हॅलोचेकलाही फोन झाला. तो म्हणाला, "सव्वाआठला गाडी बाहेर. शब्द देतो."

"शब्द नको," आई म्हणाली, "शब्दांनीच घोळ केलाय. लिहून पाठव."

मग दुसरा ईमेल लिहायचा होता. या वेळी भिंगरीनं तो टाइप केला, एकेक अक्षर, बोलून नाही. प्रत्येक वेळेपुढे आकडेही घातले: 'सव्वाआठ, म्हणजे ८:१५.' वरती लिहिलं, 'आधीचा ईमेल रद्द समजावा.' आणि शेवटी आईनं सांगितलं तसं: 'पोच म्हणून ओके लिहू नये. आपल्या गाडीची यायची आणि जायची वेळ स्वतः लिहून पाठवावी.' पाठवण्याआधी तिनं तो मोठ्यानं वाचला, आईनं कागदाशी ताडला, आजोबांनी मोजपट्टीशी.

स्टेजवाल्या काकांचं उत्तर आलं, 'सात ते साडेसात. ७ ते ७:३०.' हॅलोचेकचं आलं, '७:४५ ते ८:१५. पाहुणा म्हणून नाही, कामाला येतोय.' मावशींनी लिहिलं, 'सव्वाआठ ते पावणेनऊ. अंगठा पाठवणार नाही.' खाण्यावाल्यांनीही वेळ लिहून पाठवली. फुलवाल्यानं मात्र लिहिलं, 'ओके.'

भिंगरीनं लगेच उलट लिहिलं, 'ओके म्हणजे किती वाजता?'

दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'सव्वादहा. १०:१५. कोण आहे हे, मास्तरीणबाई?'

शनिवारी सकाळी भिंगरी, आई आणि आजोबा गल्लीच्या तोंडाशी होते. मॅनेजर मागच्या दारात हाताची घडी घालून उभे. सातला स्टेज आलं, साडेसातला गाडी गेली. पावणेआठला हॅलोचेक. सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. मग आठ वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांत मोठा स्पीकर दारात अडकला.

आडवा केला, तरी जाईना. मुख्य रस्त्यावर खुर्च्यांची गाडी येऊन थांबली होती. मावशी खिडकीतून मान बाहेर काढून घड्याळ बघत होत्या. आईचा हात भिंगरीच्या खांद्यावर होता आणि तो घट्ट घट्ट होत चालला होता.

"थांबा जरा," असं म्हणत आजोबा पुढे झाले. गळ्यातली पट्टी काढून त्यांनी दार मोजलं, मग स्पीकर. "दार सव्वातीन फूट, स्पीकर साडेतीन. पण खालची चाकं काढलीत तर तीनच. मग आडव्यानं जाईल."

हॅलोचेकनं चाकं काढली. स्पीकर आत गेला. गाडी उलटी निघाली, तेव्हा आठ वाजून सोळा मिनिटं झाली होती.

"मिनिट उशीर!" मावशी ओरडल्या, पण हॉर्न वाजवला नाही. त्यांची माणसं खुर्च्या हातोहात आत देऊ लागली. आई दारात उभी राहून म्हणत होती, "खिडक्यांखाली, खिडक्यांखाली! मांडू नका!" आठ त्रेचाळीसला रिकामी गाडी बाहेर पडून शाळेकडे वळली.

त्यानंतर पाच मिनिटं झाली असतील. दवाखान्याची पांढरी गाडी आली, मोकळ्या गल्लीत सरळ आत गेली आणि दारापाशी थांबली. एका आजींना चाकाच्या खुर्चीतून हळूच आत नेलं. कुणाला बाजूला व्हावं लागलं नाही. मॅनेजर ते बघत होते. मग ते आईकडे आले.

आईनं विचारलं, "काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर मी आधीच ओरडलो असतो," ते म्हणाले. "सोमवारी ऑफिसात या. पुढच्या वर्षाचे कार्यक्रम ठरवून टाकू. पावणेअकराला."

"येते," आई म्हणाली.

मॅनेजर वळले, तेवढ्यात "काका, थांबा," असं म्हणून भिंगरी त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. तिनं खिशातून कालची एक चिठ्ठी काढली, पेन्सिलीनं तिच्यावर 'सोमवार, १०:४५' असं लिहिलं, आणि ती त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "वाचून दाखवा."